एकाच ग्राहकाची तीन बिलं, तीन वेगळे कर: रिन्यूअलच्या वेळी व्हॅट का बदलतो आणि तो दुरुस्त कसा करायचा

सबस्क्रिप्शनच्या बिलिंगचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार महिन्यातून एकदा तरी येतेच. ग्राहक परदेशातला असतो, प्लॅन तोच असतो, पत्ताही बदललेला नसतो, आणि तरी बिलावरचा कर बदललेला असतो. सपोर्टवाले "सिस्टीम आपोआप कर काढते" असं उत्तर देऊन मोकळे होतात. पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा हजर.

उपभोग कर जगात बहुतेक ठिकाणी ग्राहक जिथे असतो तिथला लागतो, हे तत्त्व आता सगळ्यांना माहीत आहे. घोळ तत्त्वात होत नाही. "ग्राहक कोण आणि कुठला" हे सिस्टीम दर रिन्यूअलला नव्याने ठरवते, आणि घोळ तिथे होतो. युरोपीय संघातला व्हॅट यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे हे ठरवण्याचे नियम लिखित आहेत आणि त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. मी हाताळलेलं एक प्रकरण घेऊन सांगतो.

विक्रेता कंपनी नेदरलँड्समध्ये नोंदलेली. ऑनलाइन सॉफ्टवेअर, महिन्याला 20 युरो, किमतीत कर धरलेला. ग्राहक जर्मनीतल्या एक फ्रीलान्स डिझायनर. साइन-अप करताना त्यांनी स्वतःचा व्हॅट क्रमांक भरला होता. त्यांनी पाठवलेल्या तीन बिलांवर हे दिसत होतं:

```
जानेवारी   निव्वळ 16.81   कर 0.00           एकूण 16.81
फेब्रुवारी   निव्वळ 16.81   कर 3.19 (DE 19%)  एकूण 20.00
मार्च      निव्वळ 16.67   कर 3.33 (AT 20%)  एकूण 20.00
```

त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: "किंमत का वाढवलीत, आणि मी ऑस्ट्रियाचा कर का भरू?"

आधी जानेवारीचं बिल समजून घ्या

तिन्हींत हे एकच बिल बरोबर आहे. एका सदस्य देशातला विक्रेता दुसऱ्या सदस्य देशातल्या व्यवसायाला डिजिटल सेवा विकतो तेव्हा विक्रेता कर आकारत नाही. ग्राहक-व्यवसाय स्वतःच्या देशात, स्वतःच्या विवरणपत्रात तो कर दाखवतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. डिझायनर बाई जर्मनीत 16.81 वर 19 टक्के म्हणजे 3.19 युरो देय दाखवणार, आणि त्यांना पूर्ण वजावटीचा हक्क असेल तर त्याच विवरणपत्रात तेवढेच वजा करणार. खिशातून जाणार शून्य.

वीस युरोत कर धरलेला आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी तो बाहेर काढून 16.81 घेतले. ही आकडेमोड इथेच सांगून टाकतो, कारण अर्ध्या तक्रारी हिच्यातून निघतात. कर धरलेल्या किमतीतून कर काढायचा तर सूत्र असं:

```
कर = एकूण × दर / (100 + दर)
20 × 19 / 119 = 3.19
```

20 चे सरळ 19 टक्के काढले तर 3.80 येतात आणि निव्वळ रक्कम 16.20 होते. आता 16.20 वर 19 टक्के लावून पाहा, बेरीज 19.28 येते, 20 येत नाही. एखाद्या बिलावर निव्वळ रक्कम, दर आणि एकूण यांचा मेळ बसत नसेल तर सगळ्यात आधी हे तपासा. कुणीतरी टक्केवारी वरच्या बाजूने वजा केलेली असते.

जानेवारीच्या बिलात एकच उणीव होती. रिव्हर्स चार्जच्या बिलावर `Reverse charge` हे शब्द छापलेले असणं व्हॅट निर्देशाच्या कलम 226 नुसार बंधनकारक आहे, आणि ग्राहकाचा व्हॅट क्रमांकही. या बिलावर फक्त "कर 0.00" होतं. काही टेम्प्लेट "0%" छापतात, ते आणखी वाईट. शून्य टक्के हा एक दर आहे, आणि इथे तर विक्रेता कुठलाच दर लावत नाही. ग्राहकाच्या हिशेबनिसाला या दोन गोष्टी वेगळ्या दिसाव्या लागतात. दराचा रकाना रिकामा ठेवा आणि खाली ते दोन शब्द छापा. ग्राहक जर्मन असेल तर त्यासोबत `Steuerschuldnerschaft des Leistungsempfängers` हेही छापा, म्हणजे त्यांच्याकडून पुन्हा पत्र येत नाही.

फेब्रुवारी: व्यवसाय अचानक ग्राहक झाला

लॉग उघडल्यावर कारण दोन मिनिटांत सापडलं. फेब्रुवारीच्या रिन्यूअलला सिस्टीमने व्हॅट क्रमांक पुन्हा तपासायला युरोपीय आयोगाच्या व्हीआयईएस सेवेकडे विचारणा केली. उत्तर आलं `MS_UNAVAILABLE`.

व्हीआयईएसकडे स्वतःची क्रमांकांची यादी नसते. ते तुमचा प्रश्न त्या त्या देशाच्या यंत्रणेकडे पाठवतं आणि तिचं उत्तर तुम्हाला आणून देतं. त्या देशाची यंत्रणा देखभालीसाठी बंद असेल किंवा गर्दीत अडकली असेल तर असा एरर कोड येतो. त्याचा अर्थ "आत्ता सांगता येत नाही" एवढाच. क्रमांक चुकीचा आहे असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं. आमच्या कोडमध्ये मात्र ही ओळ होती:

```
is_business = (vies_result == "valid")
```

"अवैध" आणि "उत्तर नाही" हे दोन्ही या ओळीत एकाच टोपलीत पडतात. सर्व्हर झोपला आणि जर्मनीतला व्यवसाय जर्मनीतला घरगुती ग्राहक झाला. घरगुती ग्राहकाला जर्मनीचा 19 टक्के कर, म्हणून 3.19.

दुरुस्ती अशी की उत्तराच्या तीन अवस्था ठेवायच्या: वैध, अवैध, अनुत्तरित. अनुत्तरित असेल तर मागची वैध नोंद तशीच धरून बिल काढायचं आणि तपासणी काही तासांनी पुन्हा लावायची. नवीन साइन-अपला मात्र मागची नोंदच नसते. तिथे मी कर लावून बिल काढतो आणि क्रमांक वैध ठरला की क्रेडिट नोट देतो. काहीजण उलट करतात, आधी विश्वास ठेवतात. त्यात क्रमांक खोटा निघाला तर कर विक्रेत्याच्या गळ्यात पडतो, म्हणून मला ते पटत नाही.

व्हीआयईएस फक्त आजचं सांगतं. "हा क्रमांक 3 फेब्रुवारीला वैध होता का" हे त्याला विचारता येत नाही. म्हणून दर तपासणीची तारीख आणि उत्तर जपून ठेवायला हवं. विचारताना स्वतःचाही व्हॅट क्रमांक दिलात तर उत्तरासोबत एक विचारणा क्रमांक मिळतो, तो पुरावा म्हणून चालतो. आमच्याकडे जानेवारीचा तो क्रमांक होता, त्यामुळे बिल बदलून देताना हात थरथरला नाही.

उत्तर खरोखरच "अवैध" आलं असेल तर मात्र लगेच ग्राहकाला खोटं ठरवू नका. जर्मनीत दोन क्रमांक असतात. एक स्थानिक कर क्रमांक, ज्यात आकड्यांमध्ये तिरक्या रेघा असतात, आणि दुसरा `DE` ने सुरू होणारा नऊ आकडी व्हॅट क्रमांक. लोक पहिला क्रमांक दुसऱ्याच्या चौकटीत टाकतात. ग्रीसचे क्रमांक `EL` ने सुरू होतात, पण देशाच्या यादीतून `GR` उचलणारा फॉर्म ते चुकीचे ठरवतो. स्पेनमध्ये क्रमांक देशात वैध असला तरी आंतर-संघ व्यवहारांच्या नोंदवहीत नाव घातलेलं नसेल तर व्हीआयईएस "अवैध" म्हणतं. अशा वेळी ग्राहकाने ती नोंद करून घेणं हाच मार्ग, आपल्या बाजूने काही करता येत नाही.

मार्च: ऑस्ट्रिया कुठून आलं

मला सगळ्यात शिकवून गेलं ते हे बिल. ही चूक मार्चमध्ये झालीच नव्हती. फेब्रुवारीच्या चुकीने तिला दार उघडून दिलं.

व्यवसाय असेल तर कर कुठला हे व्यवसाय कुठे आहे त्यावरून ठरतं. क्रमांक `DE` चा, विषय संपला. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत तो कुठे राहतो हे शोधावं लागतं, आणि नियम सांगतो की एकमेकांशी विसंगत नसलेले दोन पुरावे जमवा. बिलाचा पत्ता, आयपी पत्ता, बँकेचा किंवा कार्डाचा देश, मोबाइल सिमचा देश कोड, अशी त्यांची यादी आहे. इतर सदस्य देशांतली विक्री वर्षाला 1,00,000 युरोपर्यंत असलेल्या विक्रेत्याला एका पुराव्यावर भागवता येतं. आमची विक्री त्याच्या वर होती.

बाई एकदा "घरगुती" ठरल्यावर मार्चमध्ये पुराव्यांची यंत्रणा जागी झाली. बिलाचा पत्ता जर्मनी. कार्ड मात्र त्यांनी नुकतंच बदललं होतं, नवीन कार्ड ऑस्ट्रियातल्या बँकेचं. आता आयपी पत्ता. रिन्यूअल मध्यरात्री आपोआप होतं, त्यावेळी ग्राहक समोर नसतोच, मग आयपी आणायचा कुठून? सिस्टीमने शेवटच्या लॉगिनचा आयपी उचलला. बाई त्या आठवड्यात सुट्टीला ऑस्ट्रियाच्या डोंगरात होत्या. दोन विरुद्ध एक, ऑस्ट्रिया जिंकलं, 20 टक्के.

मतमोजणीने देश ठरवणं हीच मुळात चुकीची कल्पना आहे. ग्राहक कायम कुठे राहतो हे शोधायचं असतं, आणि सुट्टीतला आयपी त्याबद्दल काहीच सांगत नाही. आता आम्ही साइन-अपच्या वेळी जमवलेले दोन पुरावे गोठवून ठेवतो. रिन्यूअलला तेच वापरतो. ग्राहकाने स्वतः पत्ता किंवा कार्ड बदललं तरच नव्याने विचार होतो, आणि नव्या कार्डाचा देश पत्त्याशी जुळत नसेल तर त्याच पानावर "तुम्ही आता कुठल्या देशात राहता?" असा साधा प्रश्न विचारतो. लॉगिनचा आयपी रिन्यूअलच्या हिशेबातून काढून टाकला.

मार्चच्या बिलात अजून एक गोम आहे. फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांत कार्डावर 20.00 युरोच कापले गेले. किमतीत कर धरलेला असला की दर बदलला तरी ग्राहकाला एकूण रक्कम तीच दिसते, आणि फरक गुपचूप विक्रेत्याच्या निव्वळ रकमेतून जातो: 16.81 चे 16.67 झाले. फेब्रुवारीत रक्कम वाढली नसती तर बाईंनी बिल उघडून पाहिलंही नसतं. म्हणजे पेमेंटच्या नोंदी पाहून ही चूक पकडता येत नाही, बिलाच्या ओळीच पाहाव्या लागतात.

दुरुस्ती करताना

दिलेलं बिल खोडायचं नाही, पीडीएफ बदलून पुन्हा त्याच क्रमांकाने पाठवायची नाही. बिलावर कर छापला की तो सरकारला देणं लागतो, मग तो चुकून छापलेला का असेना, आणि ही जबाबदारी रीतसर दुरुस्ती होईपर्यंत टिकते. उलट बाजूने, चुकून आकारलेला कर ग्राहकाला वजा करता येत नाही. डिझायनर बाईंच्या कर सल्लागाराने बिल परत पाठवलं ते याच कारणाने, आणि तो बरोबर होता.

म्हणून प्रत्येक चुकीच्या बिलाला मूळ क्रमांकाचा उल्लेख असलेली क्रेडिट नोट, आणि मग नवीन बिल:

```
क्रेडिट नोट, फेब्रुवारी   -16.81   -3.19   -20.00
नवीन बिल, फेब्रुवारी      16.81    Reverse charge
क्रेडिट नोट, मार्च        -16.67   -3.33   -20.00
नवीन बिल, मार्च          16.81    Reverse charge
```

मार्चच्या नव्या बिलात 16.67 का नाही? कारण या ग्राहकाशी ठरलेली निव्वळ किंमत 16.81 होती, 16.67 हा ऑस्ट्रियाच्या दराने निघालेला अपघाती आकडा. बऱ्याच बिलिंग साधनांत "कर परत करा" असं एक बटण असतं. ते दाबलं असतं तर मार्चचे 3.33 परत गेले असते आणि निव्वळ रक्कम 16.67 वर अडकली असती. बरोबर परतावा दोन्ही महिन्यांचा 3.19, एकूण 6.38 युरो. चौदा सेंटांचा फरक, पण वर्षाअखेरीस हिशेब जुळवणाऱ्याला हेच चौदा सेंट रात्री जागवतात.

बिलांनंतर विवरणपत्रं. घरगुती ग्राहकांकडून गोळा केलेला वेगवेगळ्या देशांचा कर नेदरलँड्समधला विक्रेता वन स्टॉप शॉपमधून तिमाही विवरणपत्राने भरतो. ही सोय आजच्या रूपात 1 जुलै 2021 पासून आहे. जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र 30 एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. आमच्या बाबतीत तक्रार एप्रिलच्या सुरुवातीला आली, म्हणून जर्मनीच्या ओळीतून 3.19 आणि ऑस्ट्रियाच्या ओळीतून 3.33 काढून मगच विवरणपत्र भरलं. ते आधीच भरलं असतं तर जुनं उघडता येत नाही. पुढच्या एखाद्या विवरणपत्रात कुठल्या तिमाहीची आणि कुठल्या देशाची दुरुस्ती ते लिहून द्यावं लागतं, त्यासाठी तीन वर्षांची मुदत असते.

इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. रिव्हर्स चार्जची विक्री ग्राहकाच्या व्हॅट क्रमांकासह एका वेगळ्या यादीत जाते, नेदरलँड्समध्ये तिला `Opgaaf ICP` म्हणतात. फेब्रुवारी-मार्च घरगुती विक्रीत मोजले गेले होते, म्हणून यादीत फक्त 16.81 होते. दुरुस्तीनंतर तिथे 50.43 यायला हवेत. ही रक्कम जर्मनीचा कर विभाग ग्राहकाच्या विवरणपत्राशी ताडून पाहू शकतो, त्यामुळे ती सुटली तर प्रश्न तुमच्याआधी ग्राहकाला विचारला जातो.

संघाबाहेरच्या ग्राहकांबद्दल दोन शब्द

ब्रिटनचे `GB` क्रमांक 2021 पासून व्हीआयईएसमध्ये मिळत नाहीत. तिथे "अवैध" उत्तराला काहीच अर्थ नाही, ब्रिटनच्या कर विभागाची स्वतंत्र तपासणी सेवा वापरा. ब्रिटनमधल्या घरगुती ग्राहकाचा 20 टक्के कर वन स्टॉप शॉपमध्ये येतच नाही, त्याची नोंदणी वेगळी, आणि परदेशी विक्रेत्याला ती पहिल्या विक्रीपासून लागते. ऑस्ट्रेलियात परदेशी डिजिटल सेवांवर 1 जुलै 2017 पासून 10 टक्के जीएसटी आहे, पण वर्षाला 75,000 ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा ओलांडल्यावर. देश बदलला तरी तपासण्याचा क्रम तोच राहतो: आधी ग्राहक व्यवसाय की घरगुती, मग कुठला, मग दर, आणि शेवटी किंमत करासह की कराशिवाय. मधल्याच पायरीपासून सुरुवात केलीत तर मार्चचं बिल बघत "आयपी चुकला" एवढंच म्हणाल आणि फेब्रुवारीची खरी चूक तशीच राहील.

अजून किती खाती अशी आहेत ते शोधायचं असेल तर

ग्राहकाने पत्ता किंवा व्हॅट क्रमांक बदललेला नसताना लागोपाठच्या दोन बिलांवर कराचा देश किंवा दर बदललेला दिसतो, तेवढी खाती बाहेर काढा:

```sql
SELECT a.customer_id, a.invoice_no, b.invoice_no
FROM invoices a
JOIN invoices b ON b.prev_invoice_no = a.invoice_no
WHERE (a.tax_country <> b.tax_country
       OR a.tax_rate <> b.tax_rate)
  AND a.address_version = b.address_version
  AND a.vat_no_version = b.vat_no_version;
```

कॉलमची नावं तुमच्याकडे वेगळी असतील. रिव्हर्स चार्जच्या बिलांवर दर किंवा देश `NULL` ठेवत असाल तर ही तुलना त्यांना वगळते, म्हणून आधी तिथे कॉलमच्या प्रकारात बसणारं एखादं ठरावीक मूल्य भरा. नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीची जोडी, म्हणजे नेमकी हवी असलेलीच, यादीत येणार नाही. मी पहिल्यांदा चालवली तेव्हा माझी यादी याच कारणाने संशयास्पदरीत्या छोटी आली होती.

यादीत दर खरोखर बदललेले देशही येतील. फिनलंडने 1 सप्टेंबर 2024 ला 24 चे 25.5 टक्के केले, तिथल्या सगळ्या खात्यांची एक मोठी रांग लागेल, ती बाजूला काढा. उरलेल्यांत रिव्हर्स चार्जवरून करावर गेलेली खाती आधी घ्या आणि त्यांची तारीख व्हीआयईएसच्या लॉगशी जुळवा. एकाच रात्री एकाच देशाची बरीच खाती उलटलेली दिसली तर त्या रात्री त्या देशाची यंत्रणा बंद होती असं समजा, आणि त्या सगळ्यांच्या क्रेडिट नोटा ग्राहकांनी लिहायच्या आत पाठवून द्या.